कोटेशन गेलं, उत्तर नाही

"साहेब, आमच्या कोटेशनबद्दल काही निर्णय झाला का? कृपया कळवावे." मशिनरी विकणाऱ्या माणसाचा पहिला फॉलोअप मेल बहुतेक वेळा एवढाच असतो, आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर येत नाही. या मेलमध्ये उद्धट काहीच नाही. तरी वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही पडत नाही, उलट त्याच्याकडूनच काहीतरी मागितलं जातं, तेही त्याच्याकडे नसलेलं. निर्णय झाला असता तर त्याने एव्हाना कळवलंच असतं.

पुढे जाण्यापूर्वी एक नेमकं उदाहरण धरू. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे असं समजा. तिचा 37 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर जुना झाला आहे, तो बदलायचा आहे. परचेस ऑफिसरने तीन डीलरांकडून कोटेशनं मागवली. आपण दोन पर्याय दिले: साधा, म्हणजे फिक्स स्पीडचा, नऊ लाखांना, आणि व्हीएफडीचा, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा, साडेअकरा लाखांना. वर 18 टक्के जीएसटी. मुदत 30 दिवस. कोटेशन मिळाल्याचा एक ओळीचा मेल आला, मेंटेनन्सच्या साहेबांनी फोनवर दोन शंका विचारल्या, आणि मग सगळं गप्प. किमती उदाहरणापुरत्या धरल्या आहेत, बाकी चित्र या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

इथे डीलरच्या मनात पहिला विचार येतो तो भावाचा. दुसऱ्याने कमी दिलं असणार! मग दुसऱ्या मेलमध्ये न मागता पाच टक्के सूट जाते. हिशेब मांडून बघा. नऊ लाखांच्या मशीनवर डीलरला दहा टक्के सुटत असतील तर ते नव्वद हजार. पाच टक्के सूट म्हणजे पंचेचाळीस हजार, अर्धं मार्जिन एका ओळीत गेलं. त्याहून वाईट म्हणजे, गप्प बसलं की भाव उतरतो हे समोरच्याला आपणच शिकवलं. आता तो आणखी आठ दिवस गप्प बसेल, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असं म्हणता येणार नाही.

खरं तर फाइल परचेसच्या टेबलावर अडलेलीच नसते. परचेस ऑफिसरच्या हातात मशीन घेण्याचा निर्णय नसतो. त्याचं काम तुलनेचा तक्ता करून वर पाठवण्याचं. तक्ता मेंटेनन्सकडे जातो, तिथून मालकांकडे, मालकांकडून अकाउंट्सकडे किंवा बँकेकडे. यातल्या कुठल्यातरी टप्प्यावर कुणीतरी एक प्रश्न विचारलेला असतो, त्याचं उत्तर परचेसकडे नसतं, आणि डीलरला विचारण्याइतकं ते निकडीचं वाटत नाही. फाइल तिथेच थांबते. म्हणून फॉलोअपचा मेल जातो परचेस ऑफिसरच्या नावाने, पण लिहायचा असतो तो त्याच्यामागे बसलेल्या माणसासाठी. परचेस ऑफिसरला एक शब्दही न बदलता तो पुढे ढकलता आला पाहिजे. मेलमध्ये "आपल्या सहकार्याच्या अपेक्षेत" आणि "कृपादृष्टी असावी" अशी वाक्यं असली की तो मेल मालकांना फॉरवर्ड करायला कुणाचाही हात अडखळतो.

फाइल नेमकी कुठे अडली असेल, याचा अंदाज गप्प होण्यापूर्वीच्या शेवटच्या प्रश्नावरून बराचसा लागतो. "डिलिव्हरी किती आठवड्यांत?" असं विचारून गप्प झाले असतील तर निर्णय जवळ आहे आणि आता आतली मंजुरी चालू आहे. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस बँकेच्या नावाने मागितला असेल तर फाइल बँकेत आहे. तिथे आपल्या मेलने काही हलत नाही, पण बँकेला लागणारा एखादा कागद राहिला आहे का एवढं विचारता येतं. सुरुवातीलाच "बजेटरी कोटेशन द्या" म्हणाले असतील तर ही खरेदी पुढच्या वर्षाची आहे. आणि एकही तांत्रिक प्रश्न न येता फक्त "तुमचा बेस्ट प्राइस द्या" एवढंच आलं असेल, तर बहुधा आपण तीन कोटेशनांचा नियम पुरा करण्यासाठी मागवलेलं तिसरं कोटेशन आहोत. हे पचवायला कडू असलं तरी वेळ वाचवणारं आहे.

आपल्या उदाहरणात मेंटेनन्सच्या दोन शंका होत्या: व्हीएफडी घ्यावा का, आणि दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये त्याच किलोवॉटला हवा जास्त कशी दिसते. म्हणजे फाइल तुलनेत अडली आहे. भावाचा मुद्दा अजून आलेलाच नाही.

हवा जास्त दिसण्याचं कारण पुष्कळदा कोटेशन लिहिण्याच्या पद्धतीतच असतं. 37 किलोवॉटचा चांगला स्क्रू कॉम्प्रेसर सात बारच्या आसपास साधारण 220 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 220 घनफूट, हवा देतो. कुणी आकडा सात बारचा लिहितो, कुणी साडेआठचा. दाब वाढला की तीच मोटर कमी हवा देते. एक बार दाब वाढवला तर विजेचा खर्च सहा-सात टक्क्यांनी वाढतो, हा या कामातला ठोकताळा. शिवाय आकडा आयएसओ 1217 प्रमाणे पूर्ण पॅकेजच्या बाहेर मोजलेला आहे की नुसत्या स्क्रू एलिमेंटचा, हेही पाहावं लागतं. एलिमेंटचा आकडा नेहमी मोठा दिसतो, कारण फिल्टर, सेपरेटर आणि कूलरमधली घट त्यात आलेली नसते. मग हवा कोरडी करणारा ड्रायर किमतीत आहे की वेगळा, हा प्रश्न. ड्रायरची क्षमता सहसा 25 अंश सभोवतालचं तापमान आणि 35 अंश इनलेट हवा धरून छापतात. मे महिन्यात फाउंड्रीच्या कॉम्प्रेसर रूममध्ये 25 अंश म्हणजे विनोदच. तिथे एक माप मोठा ड्रायर लागतो, आणि ज्याने तो लावून कोटेशन दिलं त्याचा भाव साहजिकच चढा दिसतो. ही तुलना मेलमध्ये घालताना दुसऱ्या डीलरचं नाव घेऊ नये आणि त्याचा आकडा खोटाही ठरवू नये. "सर्व कोटेशनं 7 बार, पॅकेज आउटलेट, ड्रायरसह या एकाच पायावर मागवावीत" इतकंच लिहावं. पुढचं मेंटेनन्सवाले स्वतः बघतात, आणि स्वतः बघितलेल्यावर त्यांचा विश्वास जास्त बसतो.

पण फॉलोअपचा खरा जीव दुसऱ्या शंकेत आहे. व्हीएफडी घ्यावा का, याचं उत्तर डीलरच्या ब्रोशरमध्ये कुठेच नसतं. ते फाउंड्रीच्या जुन्या कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरवर असतं. तिथे दोन आकडे दिसतात: एकूण रनिंग तास आणि लोड तास. फिक्स स्पीड मशीन हवा लागेल तेव्हा लोडवर जातं, दाब भरला की अनलोड होतं. अनलोडमध्ये हवा शून्य असते, मोटर मात्र फिरतच राहते आणि पूर्ण लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खाते. हे वाया जाणारे तास किती, यावर व्हीएफडीचा सगळा हिशेब उभा आहे.

इथे एक चूक हमखास होते. मेंटेनन्सवाला मोबाइलवर कंट्रोलरचा फोटो काढून पाठवतो, आणि डीलर त्यातल्या दोन आकड्यांचा भागाकार करून मोकळा होतो. समजा फोटोत रनिंग 51,240 आणि लोड 43,550 आहे. भागाकार येतो 85 टक्के. पण ही मशीनच्या जन्मापासूनची सरासरी झाली. मधल्या काळात एखादी लाइन बंद झाली असेल, दुसरी शिफ्ट कमी झाली असेल. आजचं चित्र हवं असेल तर दोन वाचनं लागतात, एक या सोमवारी सकाळी आणि एक पुढच्या सोमवारी. पुढच्या सोमवारी रनिंग 51,360 आणि लोड 43,634 निघालं, तर आठवड्यात मशीन 120 तास चाललं आणि त्यातले 84 तास लोडवर होतं. म्हणजे 70 टक्के. जन्माची सरासरी धरली असती तर व्हीएफडीची गरज नाही असं ठरलं असतं.

आता वर्षाचा हिशेब. पन्नास आठवडे धरले तर 6000 तास होतात. पंखा आणि मोटरमधली घट धरून पॅकेज लोडवर साधारण 42 किलोवॉट घेतं, अनलोडवर 13. फिक्स स्पीडला 4200 तास लोड आणि 1800 तास अनलोड, मिळून वर्षाला जवळपास दोन लाख युनिट. व्हीएफडी तेवढीच हवा सरासरी 70 टक्के वेगाने देईल. ड्राइव्हमधली घट धरून तो साधारण 31 किलोवॉट घेईल, म्हणजे वर्षाला एक लाख 86 हजारांच्या आसपास युनिट. फरक सुमारे चौदा हजार युनिटांचा. नऊ रुपये युनिट धरलं तर सव्वा लाख रुपयांच्या आसपास. दाबाचा पट्टा अरुंद ठेवता येतो म्हणून थोडी बचत आणखी होते, पण ती मेलमध्ये मोजू नये, शिल्लक ठेवावी. अडीच लाखांचा जादा खर्च साधारण दोन वर्षांत भरून निघतो.

आणि लोड 70 ऐवजी 90 टक्के निघाला तर? मग अनलोडचे तास वर्षाला फक्त 600, त्यात वाया जाणारी वीज आठ हजार युनिटांच्या आत. ड्राइव्ह स्वतः तीन टक्क्यांच्या आसपास वीज खाते, म्हणजे जवळजवळ तेवढंच परत जातं. अशा वेळी "व्हीएफडी घेऊ नका, साधा पुरेसा आहे" असं लेखी द्यावं. महाग पर्याय आपणच खाली ठेवला हे मालकांच्या नजरेतून सुटत नाही.

हाच धागा थोडा पुढे नेला तर तो डीलरला न रुचणाऱ्या जागी जातो. फाउंड्रीत हवेची गळती भरपूर असते: फेटलिंगच्या ग्राइंडरचे होज, क्विक कपलिंग, रिसीव्हरचे ड्रेन व्हॉल्व्ह. रविवारी उत्पादन बंद असताना सगळे व्हॉल्व्ह नेहमीसारखे उघडे ठेवून कॉम्प्रेसर चालू करायचा आणि घड्याळ लावायचं. दोन मिनिटं लोड, सहा मिनिटं अनलोड असं चक्र दिसलं, तर आठातली दोन, म्हणजे मशीनच्या क्षमतेचा पाव हिस्सा नुसता गळतो आहे. 220 सीएफएममधले 55. एकाच चक्रावर विसंबू नये, पाच-सहा चक्रांची सरासरी घ्यावी. ही गळती निम्म्यावर आणली तर कदाचित 30 किलोवॉटचं मशीनही पुरेल. मात्र कोअर शूटर एकदम ओढतो तेव्हाची गरज तपासल्याशिवाय तसं लिहू नये. हे सांगितल्याने विक्री लहान होते, मान्य. पण परचेसची फाइल "आणखी एक कोटेशन" या वर्गातून बाहेर येते, कारण बाकीच्या दोघांनी हे विचारलेलंच नसतं.

तर मेल असा जावा. आपल्याकडे कंपन्यांचे मेल सहसा इंग्रजीत जातात आणि त्यावरचं बोलणं मराठीत होतं. मजकूर कुठल्याही भाषेत लिहिला तरी सांगाडा हाच. जुन्याच मेलवर रिप्लाय करायचा, म्हणजे कोटेशन शोधायला त्यांना इनबॉक्समध्ये खाली जायची गरज पडत नाही. विषयात कोटेशन नंबर, किलोवॉट आणि काय हवं ते.

विषय: कोटेशन क्र. 118, 37 किलोवॉट कॉम्प्रेसर: व्हीएफडी की फिक्स स्पीड, दोन वाचनं हवीत

नमस्कार साहेब,

आपल्या मेंटेनन्स विभागाने व्हीएफडी घ्यावा का असं विचारलं होतं. त्याचं उत्तर सध्याच्या कॉम्प्रेसरच्या लोड तासांवर अवलंबून आहे.

कृपया कंट्रोलरवरचे रनिंग तास आणि लोड तास येत्या सोमवारी सकाळी आणि त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी अशी दोन वाचनं कळवावीत. फोटो पाठवला तरी चालेल.

लोड 70 टक्क्यांच्या आसपास असेल तर व्हीएफडीचा जादा खर्च साधारण दोन वर्षांत निघतो (हिशेब सोबत एका पानावर आहे, वीज 9 रुपये युनिट धरली आहे, आपला दर घालून पाहावा). लोड 90 टक्के असेल तर फिक्स स्पीडच घ्यावा, असं आमचं मत आहे.

तुलनेसाठी सर्व कोटेशनं 7 बार, पॅकेज आउटलेट, ड्रायरसह या पायावर घ्यावीत. आमचं त्याच पायावर आहे.

खरेदी पुढे ढकलली असेल तर तेवढंच कळवलं तरी चालेल, त्याप्रमाणे आम्ही फाइल ठेवू.

आपला,

इतकंच. सूट नाही, विनवणी नाही, "आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत" नाही. मागणी एकच आहे, तीही मेंटेनन्सचा माणूस मशीनजवळून जाता जाता पुरी करू शकेल अशी. शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. नकार द्यायला लोकांना संकोच वाटतो, म्हणून ते गप्प बसतात. नकाराचं दार उघडं ठेवलं की तो संकोच जातो.

अटॅचमेंट एकच, एका पानाची. कंपनीचं वीस पानी ब्रोशर पुन्हा जोडू नये. पंधरा-वीस एमबीचा मेल काही कंपन्यांच्या सर्व्हरवर अडतो आणि आपल्याला ते कळतही नाही. गप्प बसण्याचं कारण कधी कधी इतकं साधं असतं. म्हणून मेल गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी एक छोटा फोन किंवा व्हॉट्सअॅप करून "मेल पोचला ना?" एवढंच विचारावं. त्या फोनवर निर्णयाचा विषय काढला की मेलची सगळी मेहनत पुन्हा तगाद्यात जमा होते.

वेळेबद्दल फार शास्त्र करायला नको. कोटेशननंतर चार-पाच कामाच्या दिवसांनी हा मेल. वाचनं आली तर त्यांचा हिशेब त्याच दिवशी परत. आली नाहीत तर दहा-बारा दिवसांनी दुसरा मेल, आणि त्यात नवा मुद्दा हवाच. तो मुद्दा साइटचा असू शकतो. नवं मशीन जुन्याला बाजूला ठेवून बसवणार असतील आणि जुनं स्टँडबाय म्हणून चालूच राहणार असेल, तर महावितरणच्या करारातली मागणी पुरते का, हा प्रश्न. करारापेक्षा जास्त मागणी नोंदली गेली की जादा भागावर चढा दर लागतो, आणि हे अकाउंट्सच्या लक्षात बिल आल्यावर येतं. वीजबिलाच्या पहिल्या पानावर करारातली मागणी आणि त्या महिन्यात नोंदलेली कमाल मागणी, दोन्ही छापलेल्या असतात. त्या पानाचा फोटो मागावा. दुसरा मुद्दा घसाऱ्याचा. आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या मशीनवर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून मशीन ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चालू व्हायला हवं. कोटेशन ऑगस्टमधलं असेल आणि डिलिव्हरी सहा आठवड्यांची असेल, तर ही खरी तारीख आहे आणि मालकांच्या सीएलाही ती पटते. डिसेंबरमध्ये हाच मुद्दा लिहिला तर हसं होईल.

खोट्या तारखा मात्र लिहू नयेत. "सोमवारपासून भाव वाढणार" असं लिहून सोमवारनंतर तोच भाव दिला की पुढची सगळी कोटेशनं त्या माणसाच्या नजरेत फुगवलेली ठरतात. उत्पादक कंपनीचं भाववाढीचं पत्र आलं असेल तर तेच जोडावं, नसेल तर मुदतीचा उल्लेख कोटेशनमध्ये आहे तेवढा पुरे.

सूट खरोखर द्यावी लागली तर ती उत्तराच्या बदल्यात द्यावी, गप्प बसण्याच्या बदल्यात कधीच नाही. त्यांनी भाव काढला की मग बोलावं: ऑर्डरसोबत तीस टक्के आणि माल निघण्यापूर्वी बाकी, अशी अट मान्य असेल तर पहिल्या 500 तासांच्या सर्व्हिसचं ऑइल आणि फिल्टर आमच्याकडून. हे रोख सुटीपेक्षा डीलरला स्वस्त पडतं, आणि मेंटेनन्सला कागदावरच्या टक्क्यांपेक्षा जास्त उपयोगी.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी तिसरा आणि शेवटचा मेल. तो सर्वांत छोटा. "कोटेशनची मुदत शुक्रवारी संपते. 1, 2 किंवा 3 एवढाच आकडा कळवावा: 1 म्हणजे चर्चा चालू आहे, 2 म्हणजे खरेदी पुढे गेली, 3 म्हणजे दुसरीकडे ठरलं." व्हॉट्सअॅपवर नुसता आकडा आला तरी पुरे. तीन आला तर आभार मानून एकच प्रश्न विचारावा, तोही ऐच्छिक: भाव, डिलिव्हरी की तांत्रिक? उत्तर आलं तर ते पुढच्या कोटेशनच्या उपयोगाचं, न आलं तर त्यावर पुन्हा मेल करायचा नाही.

दोन आला तर बजेट कधी बनतं ते विचारायचं. बहुतेक ठिकाणी ते जानेवारी-फेब्रुवारीत होतं. तेव्हा नव्या भावाने त्याच नंबरचं आर-1, म्हणजे सुधारित, कोटेशन पाठवायचं, आणि लोड तासांची वाचनं तेव्हा पुन्हा मागायची. जुन्या सोमवारांची तोवर शिळी झालेली असतात, आणि मधल्या काळात त्यांनी गळती बंद केली असेल तर मशीनचं मापही बदललेलं असू शकतं.